शाळेत हात धुणे आणि दृष्टी तपासणी: नव्या परिचारिकेसाठी कामाची पद्धत

शालेय आरोग्याच्या कामावर नव्याने आलेल्या परिचारिकेला सुरुवातीलाच दोन कामे सांगितली जातात. मुलांना हात धुवायला शिकवा आणि त्यांचे डोळे तपासा. दोन्ही कामे वरवर उरकता येतात. एकात भाषण द्यायचे, दुसऱ्यात भिंतीवर तक्ता टांगायचा, संध्याकाळी तक्ते भरून अहवाल पाठवायचा. अहवालात सगळी मुले शिकलेली आणि बहुतेकांचे डोळे चांगले असतात. प्रत्यक्षात मात्र साबण नळापासून लांब असतो आणि दृष्टीचा तक्ता मुलांपासून जवळ असतो. या दोन अंतरांनीच बरेच काही बिघडते.

इथे सहा ते अकरा वर्षांच्या मुलांच्या शाळेत हा कार्यक्रम कसा लावायचा ते क्रमाने सांगितले आहे. डोळ्यांच्या भागावर जास्त जागा घेतली आहे. हात धुतले गेले नाहीत तर ते निदान दिसते, दृष्टीची तपासणी चुकली तर कोणालाच कळत नाही.

तपासणीच्या आधीची फेरी

तपासणीच्या दिवसाआधी एकदा नुसती शाळा बघायला जा, आणि जमल्यास मधल्या सुट्टीच्या वेळी. कोणालाही काही न सांगता स्वच्छतागृहाच्या बाहेर थोडा वेळ उभे राहा. किती मुले बाहेर येतात, त्यांतली किती नळाकडे वळतात आणि साबणाला हात किती लावतात, एवढेच मोजा. मुलांना वर्गात विचारून उपयोग नाही. ‘हात धुता का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. साबणाच्या वडीला बोट लावून बघा. सुट्टी संपल्यावरही वडी कोरडी असेल तर उत्तर मिळाले.

याच फेरीत नळ मोजा आणि थोडा हिशेब करा. वर्गात ४० मुले आहेत आणि चालू नळ दोन आहेत असे समजू. हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे यात एका मुलाचा साधारण एक मिनिट जातो. म्हणजे फक्त एका वर्गाला २० मिनिटे हवीत. अर्ध्या तासाच्या सुट्टीत शाळेतले सगळे वर्ग एकदम बाहेर पडत असतील तर रांगेत थांबायला कोण तयार होईल? अशा ठिकाणी मुले बेशिस्त आहेत असे लिहिणे चुकीचे आहे, कारण अडचण नळांची आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना स्वच्छतेचे महत्त्व सांगत बसण्यापेक्षा हा हिशेब कागदावर मांडून द्या. त्यावर लगेच काहीतरी ठरते.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे पाण्याची तोंडे वाढवणे. एका आडव्या पाइपला ओळीने बारीक भोके पाडली की आठ-दहा मुले एकाच वेळी हात धुऊ शकतात आणि पाणीही कमी लागते. फिलिपिन्समधल्या ‘फिट फॉर स्कूल’ या शालेय कार्यक्रमात असेच गटाने हात धुणे हा रोजच्या वेळापत्रकाचा भाग केला आहे. आठ तोंडे असतील तर वरच्या हिशेबातला ४० मुलांचा वर्ग पाच मिनिटांत मोकळा होतो. दुसरा उपाय वेळेचा. खाण्याच्या सुट्टीआधी पाच मिनिटे वर्गशिक्षकांनीच वर्गाला ओळीने घेऊन जायचे, म्हणजे हात धुणे मुलाच्या मर्जीवर राहत नाही.

हात धुणे: कमी बोला, वाट दाखवा

स्वच्छतागृहातून वर्गाकडे जाणारी मुलांची वाट आणि हात धुण्याची जागा यांचा संबंध तुटलेला असेल तर कितीही तक्ते लावा, फरक पडत नाही. बांगलादेशातल्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळांत यावर एक छोटा प्रयोग झाला होता. स्वच्छतागृहापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत पक्की वाट केली, त्या वाटेवर पावलांची चित्रे रंगवली आणि धुण्याच्या जागी हातांचे ठसे काढले. वेगळे आरोग्यशिक्षण दिले नाही. आधी साबणाने हात धुण्याचे प्रमाण ४ टक्के होते, सहा आठवड्यांनंतर ते ७४ टक्के झाले. शाळा दोनच होत्या हे खरे, त्यामुळे तेच आकडे आपल्याकडे येतील असे धरू नये. तरीही रंगाचा डबा आणि एक दुपार एवढ्यात होणारे हे काम पहिल्या आठवड्यात करून टाकण्यासारखे आहे.

साबणाची वडी हरवते, घसरून पडते, कोणीतरी खिशात घालून नेते. ती जाळीच्या पिशवीत घालून नळाच्या शेजारीच, मुलांच्या हाताच्या उंचीवर टांगा. ‘साबण ऑफिसात मागा’ ही पद्धत बंद करा. मूल साबण मागायला जात नाही.

शिकवण्याचा धडा वर्गाला एकदाच, पण हाताने करून द्यायचा. मुलाच्या तळहातावर तेलाचा एक थेंब आणि चिमूटभर रंगीत खडूची पूड चोळायला लावा. मग अर्ध्या मुलांनी नुसत्या पाण्याने आणि अर्ध्यांनी साबणाने हात धुवायचे. नुसत्या पाण्याने तेलात धरलेला रंग जात नाही, कारण पाणी तेलकट थराला सोडवू शकत नाही, साबण सोडवतो. जंतूही त्याच थरात बसलेले असतात, हे वेगळे समजवावे लागत नाही. साबण लावलेल्या गटालाही हात नीट बघायला सांगा. रंग बहुधा अंगठ्याभोवती, बोटांच्या टोकांना आणि नखांच्या कडेला राहिलेला असतो. मोठी माणसेही हीच ठिकाणे विसरतात. त्यामुळे तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि शेवटी बोटांची टोके दुसऱ्या तळव्यावर, असा क्रम पक्का करून घ्या. चोळण्याचा वेळ किमान २० सेकंद. लहान मुलांना सेकंद कळत नाहीत, त्यांना एक ते वीस आकडे संथपणे एकत्र म्हणायला लावा.

हात कोरडे करायला सगळ्यांसाठी एकच टॉवेल टांगू नका. डोळे आलेल्या मुलाने त्याला तोंड पुसले की तो त्रास वर्गभर फिरतो. स्वतःचा रुमाल नाहीतर हात झटकून वाळवणे बरे. सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही. मातीने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही, आणि काही विषाणूंवर, उदाहरणार्थ उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर, त्याचा परिणाम साबण-पाण्यापेक्षा कमी होतो.

हात धुण्याच्या वेळा दोनच सांगा: शौचाहून आल्यावर आणि खाण्याआधी. दहा प्रसंगांची यादी दिली तर मुलांच्या लक्षात एकही राहत नाही.

तक्ता, फीत आणि उजेड

दृष्टी तपासणीसाठी सामान फार लागत नाही. ‘ई’ चा तक्ता, मोजपट्टी, जमिनीवर लावायला चिकटपट्टी, एक डोळा झाकायचे साधन, पिनहोल आणि नोंदवही. अक्षरे न येणाऱ्या मुलांनाही ‘ई’ चा तक्ता चालतो, कारण ‘ई’ चे पाय कोणत्या दिशेला आहेत तेवढे हाताने दाखवायचे असते. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना पुठ्ठ्याचा एक मोठा ‘ई’ देऊन ठेवा. मुलांचा हा खेळ वर्गातच झाला असेल तर तपासणीच्या वेळी समजावण्यात वेळ जात नाही. हे केलेच पाहिजे असे मी म्हणेन. न समजल्यामुळे चुकणारी मुले नाहीतर उगाच पुढे पाठवली जातात.

आधी तक्ता तपासा. छायाप्रत काढलेले तक्ते सर्रास फिरत असतात आणि छपाईत ते लहान-मोठे होतात. सहा मीटरच्या तक्त्यावर ६/६० ची ओळ, म्हणजे सगळ्यात मोठे अक्षर, साधारण ८७ मिलिमीटर उंच असते. ६/१२ चे अक्षर साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास आणि ६/६ चे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास. पट्टी लावून बघायला एक मिनिट लागतो. तीन मीटरसाठी बनवलेल्या तक्त्यात ही मापे निम्मी असतात. तक्ता कोणत्या अंतराचा आहे ते त्याच्या कडेला छापलेले असते, ते वाचल्याशिवाय जमिनीवर खूण करू नका.

अंतर तक्त्यापासून मोजायचे आणि मुलाच्या टाचा त्या रेषेवर आणायच्या. मुले कळत-नकळत पुढे सरकतात. याचा परिणाम किती होतो ते बघा. ६/९ ची ओळ याचा अर्थ, सामान्य दृष्टीच्या माणसाला जी ओळ नऊ मीटरवरून दिसते ती मूल सहा मीटरवरून वाचते. मूल साडेचार मीटरवर उभे राहिले तर प्रत्यक्षात ते साडेचारावरून नवाची ओळ वाचत आहे, म्हणजे ६/१२. ६/१२ दृष्टीचे मूल ६/९ वर उत्तीर्ण झाले आणि वहीत सगळे ठीक दिसते. खोली लहान असेल तर सहा मीटरचा तक्ता जवळ टांगण्यापेक्षा तीन मीटरचा तक्ता मिळवा.

तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि त्यावर सारखा उजेड हवा. तक्त्यामागे किंवा शेजारी खिडकी नको, चकाकी येते. बाकीची मुले तक्ता दिसणार नाही आणि उत्तरे ऐकू येणार नाहीत अशा जागी बसवा. दारातून बघून संपूर्ण तक्ता पाठ करणारी हुशार मुले प्रत्येक वर्गात असतात.

एका वेळी एकच डोळा

मुलांना आधी हात धुऊन यायला सांगा. डोळ्यांशी हात जाणार असतो, त्यामुळे शिकवलेला क्रम इथे लगेच वापरात येतो. चष्मा असलेल्या मुलाची तपासणी चष्मा लावूनच करायची.

नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे नोंदीत गोंधळ होत नाही. डावा डोळा झाकताना मुलाची स्वतःची बोटे वापरू देऊ नका, बोटांच्या फटीतून सगळे दिसते. तळहाताने डोळा दाबला तर नंतर तोच डोळा तपासताना काही वेळ धूसर दिसते. पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे झाकण चालते, पण ते दर मुलानंतर पुसावे लागते आणि नाकाच्या बाजूने डोकावता येते का ते कोणीतरी बघत राहावे लागते. शंका वाटली तर कागदी चिकटपट्टीने गॉझचा तुकडा डोळ्यावर लावा. त्यात फसवणूक होत नाही.

तक्ता दाखवणाऱ्या व्यक्तीने अक्षराच्या खाली बोट किंवा काठी ठेवावी, पण शेजारची अक्षरे झाकून एकच अक्षर दाखवू नये. आळशी डोळ्याला, म्हणजे वैद्यकीय भाषेत अँब्लिओपिया असलेल्या डोळ्याला, एकटे अक्षर ओळखता येते पण ओळीत इतर अक्षरांच्या गर्दीत ते हरवते. नेमके तेच मूल आपल्याला शोधायचे असते.

ओळ उत्तीर्ण कशाला म्हणायचे याचा नियम आधी ठरवा. पाच अक्षरांच्या ओळीत तीन बरोबर पुरतात असे अनेक कार्यक्रमांत धरतात. ‘ई’ च्या चार दिशा असल्याने नुसते अंदाजाने सांगणारे मूलही शंभरात दहा वेळा पाचपैकी तीन किंवा जास्त बरोबर सांगते. चार बरोबर मागितले तर हे प्रमाण शंभरात दोनापेक्षा खाली येते. मला चारचा नियम जास्त पसंत आहे. तुमच्या कार्यक्रमाने तीन ठरवले असतील तर तीनच ठेवा, पण मूल दरवेळी विचार न करता हात फिरवत असेल तर तीच ओळ उलट्या दिशेने पुन्हा वाचून घ्या.

वाचताना तक्त्याकडे नको, मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. डोळे किलकिले करणारे मूल पापण्यांच्या फटीतून प्रकाश बारीक करून घेते आणि नंबर असूनही ओळ वाचून टाकते. त्याला डोळे मोकळे उघडायला सांगा. मान तिरकी करणे, पुढे वाकणे, एक डोळा झाकल्यावर गप्प बसणारे मूल दुसरा डोळा झाकल्यावर कुरकुरणे, हे सगळे वहीत लिहिण्यासारखे आहे.

पुढे कोणाला पाठवायचे याची मर्यादा कार्यक्रमाच्या सूचनेत दिलेली असते, बहुधा ६/९ किंवा ६/१२. ती बघून घ्या आणि मध्येच बदलू नका. त्याशिवाय दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तरी पाठवायचे. तिरळेपणा, खाली आलेली पापणी, बाहुलीत पांढरेपणा किंवा दुखणारा लाल डोळा दिसला तर तक्त्याचा निकाल काहीही असो, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. पांढरी बाहुली आणि दुखणारा लाल डोळा यांना त्याच दिवशी.

या तपासणीला सगळे सापडत नाही हेही पालकांना सांगावे लागते. जवळचे धूसर दिसणारी, म्हणजे प्लस नंबरची, बरीच मुले डोळ्याला ताण देऊन दूरचा तक्ता आरामात वाचतात. वाचताना डोकेदुखी, पुस्तकापासून पळ काढणे, ओळ हरवणे अशा तक्रारी शिक्षकांकडून आल्या तर तक्ता उत्तीर्ण असला तरी तज्ज्ञांकडे पाठवा.

एका मुलीची तपासणी

दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊ. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती ६/६ ची ओळ पटापट सांगते. वर्गात फळा दिसतो, शिक्षकांची तक्रार नाही, आईची नाही. घाईत असलेली परिचारिका इथेच थांबेल.

डावा डोळा झाकून उजव्याने तपासले तर पुन्हा ६/६. उजवा झाकला आणि ती झाकण हाताने बाजूला करू लागली, मान वळवून कडेने बघू लागली. गॉझ लावून पुन्हा विचारल्यावर मोठी अक्षरे सांगितली, ६/२४ ची ओळ जमली, ६/१८ च्या ओळीत पाचपैकी दोनच. नोंद: उजवा ६/६, डावा ६/२४.

आता डाव्या डोळ्यासमोर पिनहोल धरायचे, म्हणजे मधोमध मिलिमीटरभर भोक असलेली काळी पट्टी. त्यातून ओळ सुधारली तर दोष बहुधा फक्त नंबरचा असतो. या मुलीची ओळ ६/२४ वरच राहिली. याचा अर्थ नंबरबरोबर आणखी काही असण्याची शक्यता आहे, बहुधा आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला की मेंदू त्या डोळ्याचे धूसर चित्र दुर्लक्षित करू लागतो आणि चांगल्या डोळ्यावर काम चालवतो. म्हणूनच मुलीला काही जाणवत नाही. निदान मात्र आपण लिहायचे नाही. वहीत निरीक्षण लिहा: ‘डावा ६/२४, पिनहोलने सुधारणा नाही, उजवा झाकल्यावर विरोध’.

पालकांना सांगताना अडचण येते. ‘आमची मुलगी लांबून पाटी वाचते’ असे ते म्हणतात, आणि ते खरेच असते. वाद घालू नका. त्यांना मुलीचा उजवा डोळा स्वतःच्या हाताने झाकायला सांगा आणि पलीकडच्या भिंतीवरचे काहीतरी वाचून घ्यायला सांगा. पुढचे बोलणे सोपे होते.

नेत्रतज्ज्ञ थेंब घालून नंबर काढतील. बहुधा चष्मा देतील आणि पुढे गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेला वेळ पट्टी लावायला सांगतील. मध्यम प्रतीच्या दोषात दोन तासांची पट्टीही पुरते. हा उपचार लहान वयात जास्त लागू पडतो, साधारण सात वर्षांच्या आत उत्तम, पण नंतरही उपयोग होतो, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ असे कोणालाही सांगू नका. शाळेत आपले काम वेगळे. पट्टी लावलेल्या मुलीला चिडवले जाणार नाही याची वर्गशिक्षकांशी आधीच बोलणी करा आणि पट्टीचा वेळ शक्यतो घरी वाचन-चित्रकलेच्या वेळी पडेल असे आईला सुचवा.

चिठ्ठी पाठवल्यानंतर

चिठ्ठी मुलाच्या दप्तरात टाकली की काम झाले, अशा समजुतीत बरीच मुले गळतात. चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या डोळ्याला काय आढळले, कुठे दाखवायचे आणि कधीपर्यंत. ‘दृष्टिदोष’ असा शब्द लिहून घाबरवू नका. पालकांच्या हातात चिठ्ठी दिल्याची सही घ्या, शक्य असेल तर बोलून घ्या.

मग नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे चार रकाने ठेवा: दाखवले का, काय सांगितले, चष्मा मिळाला का, घालतो का. चौथा रकाना विचारून भरायचा नाही. दोन महिन्यांनी वर्गात अचानक डोकवा आणि कोणाच्या डोळ्यावर चष्मा आहे ते बघा. ‘फुटेल म्हणून घरी ठेवला’ हे उत्तर वारंवार ऐकू येते, तेव्हा पालकांशी आणि शिक्षकांशी पुन्हा बोलावे लागते. चष्मा घालून दृष्टी परत तपासा. चष्म्यानेही ६/९ जमत नसेल तर नंबर चुकला असेल किंवा उपचार अपुरा असेल, मूल पुन्हा तज्ज्ञांकडे जायला हवे.

याच फेरीत साबणाच्या वडीला पुन्हा हात लावून बघा, स्वच्छतागृहाबाहेर पुन्हा उभे राहून मोजा. पहिल्या दिवशी लिहिलेला आकडा शेजारी ठेवला की फरक कळतो. आकडा खाली आला असेल तर बहुतेक वेळा साबण संपलेला असतो किंवा नळ बिघडलेला असतो, म्हणून आधी तिथे जा.

नोंदवहीचा एक रकाना शेवटी नेहमी रिकामा राहतो: ज्यांची तपासणी होऊ शकली नाही. त्या दिवशी गैरहजर असलेली, रडलेली, काही केल्या दिशा न दाखवणारी मुले. त्यांना ‘ठीक’ मध्ये घालू नका. त्यांची वेगळी यादी करा, एका आठवड्यात पुन्हा बोलवा, आणि दुसऱ्यांदाही तपासता आले नाही तर त्यांना नापास मुलांसारखेच पुढे पाठवा, कारण कमी दिसणारे मूल अनेकदा याच यादीत सापडते.